सायकल फक्त ११२, तरी बॅटरी ७४ टक्क्यांवर: मग बदलायची कधी?

प्रश्न: "लॅपटॉप ३ वर्षांचा आहे. बॅटरी रिपोर्टमध्ये डिझाइन कपॅसिटी 50,000 mWh, फुल चार्ज 37,000 mWh आणि सायकल काउंट 112 दिसतोय. कंपनीने तर ५०० सायकलनंतर ८० टक्के राहील असं लिहिलंय. बॅटरी डिफेक्टिव्ह निघाली का? आत्ताच बदलू, की अजून काही वर्षं काढेल? लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरलाच लावलेला असतो."

उत्तर:

शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण खरं उत्तर तिथेच आहे. बॅटरी डिफेक्टिव्ह नाहीये. मी लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात १४ वर्षं आहे आणि "सायकल एवढ्या कमी, मग बॅटरी गेली कशी" असं विचारणारा माणूस जवळजवळ दर आठवड्याला समोर उभा असतो, आणि दहातल्या आठांचा लॅपटॉप कायम चार्जरला लावलेलाच असतो.

आधी सायकल म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. चार्जर किती वेळा लावला याच्याशी सायकलचा संबंध नाही. बॅटरीतून एकूण १०० टक्के ऊर्जा बाहेर पडली की एक सायकल धरतात. आज ६० टक्के वापरली, रात्री चार्ज केली, उद्या ४० वापरली, की दोन दिवसांची मिळून एक सायकल. म्हणजे हा काउंटर गाडीच्या किलोमीटरसारखा आहे, गाडी किती चालली एवढंच सांगतो, ती तीन वर्षं उन्हात उभी होती की सावलीत याचा त्याला पत्ता नसतो.

आणि "५०० सायकलला ८० टक्के" हे रेटिंग येतं कुठून? प्रयोगशाळेत साधारण खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या सेल एका ठराविक वेगाने चार्ज-डिस्चार्ज, चार्ज-डिस्चार्ज असं सलग करत राहतात. ५०० सायकल अशा काही महिन्यांतच उरकतात. त्यामुळे त्या आकड्यात वापराची झीज येते पण वयाची झीज फारशी येतच नाही, कारण टेस्ट संपते तेव्हा सेल म्हातारी झालेलीच नसते. कंपनी खोटं बोलते असं नाही, फक्त ते रेटिंग एकाच प्रकारच्या झिजेचं आहे. तुमच्या बॅटरीला लागलीये ती दुसऱ्या प्रकारची.

तुमच्याच आकड्यांवर करून बघू. ५०० सायकलला २० टक्के घट, तर ११२ सायकलला सरळ त्रैराशिकाने साडेचार टक्क्यांच्या आसपास. तुमची एकूण घट २६ टक्के. म्हणजे साधारण २१ टक्के घट वापराने झालेलीच नाही, ती नुसतं पडून राहून झालीये, आणि पडून म्हणजे फुल चार्ज होऊन, गरम पेटीत. हिशोब ढोबळ आहे, दोन्ही झिजा एकमेकींत मिसळतात, पण एकाला जवळजवळ पाच हे प्रमाण बघितलं की दोष कुणाचा ते कळतं.

आता ही पडून राहण्याची झीज होते कशी. लिथियम-आयन सेलमध्ये ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं आणि त्यावर पहिल्या चार्जलाच एक पातळ थर तयार होतो, इलेक्ट्रोलाइट आणि ग्रॅफाइट यांच्यामधला. तो थर हवाच असतो, तो नसेल तर इलेक्ट्रोलाइटची ग्रॅफाइटशी रिअ‍ॅक्शन चालूच राहील. पण तो वाढतोही, हळूहळू, आणि वाढताना लिथियम खातो, आणि थरात गेलेलं लिथियम परत चार्ज वाहायला येत नाही. तेवढी कपॅसिटी कायमची गेली. हा थर वाढवणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन: उष्णता आणि सेल भरलेली असणं. भरलेल्या सेलचं व्होल्टेज जास्त, ४.२ किंवा आजकालच्या सेलमध्ये त्याहूनही थोडं वर, आणि त्या व्होल्टेजला आतल्या सगळ्याच नको त्या रिअ‍ॅक्शन जोरात चालतात, धन बाजूलासुद्धा.

किती फरक पडतो त्याचे ढोबळ आकडे आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतात. २५ अंशांना ४० टक्के चार्ज ठेवून सेल वर्षभर पडून राहिली तर ४ टक्क्यांच्या आसपास घटते. त्याच तापमानाला १०० टक्के भरून ठेवली तर २० टक्क्यांच्या आसपास. ४० अंशांना आणि पूर्ण भरलेली, तर ३५. सेलच्या केमिस्ट्रीप्रमाणे आकडे मागेपुढे होतात, पण क्रम बदलत नाही. आता चार्जरला लावलेला लॅपटॉप डोळ्यापुढे आणा: बॅटरी सतत १०० वर, तिच्या बाजूलाच प्रोसेसर आणि त्याचा पंखा, खाली टेबल किंवा गादी, आतलं तापमान ३५ ते ४० सहज. तुमची बॅटरी ११२ सायकल चालली हे खरं, पण ती तीन वर्षं भट्टीशेजारी पोट भरून बसली होती.

म्हणून उलटी केसही दिसते. बॅटरीवरच काम करणारी, रोज ८० वरून ३० पर्यंत आणणारी माणसं ४५० सायकल घेऊन येतात आणि हेल्थ, म्हणजे डिझाइन कपॅसिटीच्या किती टक्के उरली ते, ८५ दाखवतं. अशा वेळी शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या ७०-८० सायकलवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पुढचा भाग तुम्हाला जास्त कामाचा आहे, की अजून किती काढेल. वयाची झीज सरळ रेषेत जात नाही. थर जितका जाड होतो तितका पुढे वाढायला वेळ लागतो, म्हणून घट साधारण वर्षांच्या वर्गमुळाच्या हिशोबाने चालते. ३ वर्षांना २६ टक्के, ३ चं वर्गमूळ १.७३, म्हणजे वर्षाला गुणक १५. पहिल्या वर्षाला १५ टक्के घट, दुसऱ्या वर्षाअखेर एकूण २१, तिसऱ्याला २६, आणि असंच चाललं तर चौथ्याला ३० आणि पाचव्याला साडेतेहतीस. तुमच्या रिपोर्टमध्ये खाली `Battery capacity history` म्हणून एक तक्ता असतो, त्यात तारखेनुसार फुल चार्ज कपॅसिटी दिलेली असते. रिपोर्ट परत काढायचा असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करा, ती फाइल कुठे सेव्ह झाली ते खाली दाखवेल:

```
powercfg /batteryreport
```

त्या तक्त्यात पहिल्या वर्षी मोठी घसरण आणि मग हळूहळू कमी होत गेलेली दिसली तर माझा हिशोब तुम्हाला लागू आहे. उलट पहिली दोन वर्षं थोडी थोडी आणि गेल्या सहा महिन्यांत धाडकन पडली असं दिसलं तर हिशोब विसरा. वक्र एकदा खाली वाकला की परत सरळ होत नाही. तोपर्यंत आत लिथियम धातूच्या रूपात ग्रॅफाइटवर साचायला लागलेलं असू शकतं, आणि ती झीज स्वतःच स्वतःला वाढवते. अशी बॅटरी वर्षभर वगैरे काढत नाही, काही महिन्यांत बसते.

पण त्याआधी ३७,००० हा आकडा खरा आहे का ते तपासा. तो मोजलेला नसतो, अंदाज केलेला असतो. बॅटरीत एक छोटी चिप असते, ती आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजत राहते, आणि फुल कपॅसिटी किती हे तिला तेव्हाच नीट कळतं जेव्हा बॅटरी एकदा पूर्ण भरलेली आणि मग जवळजवळ रिकामी झालेली तिला दिसते. तुमचा लॅपटॉप कायम चार्जरला, म्हणजे चिपने खालचा टप्पा महिनोन्‌महिने पाहिलेलाच नसणार. माझ्याकडे एकजण ६१ टक्के हेल्थ दाखवणारा लॅपटॉप घेऊन आला होता, नवीन बॅटरी टाका म्हणून हट्ट धरून, मी म्हटलं दोन दिवस ठेवून जा. एकदा पूर्ण उतरवून चढवली आणि रिपोर्ट काढला तर ७२. बॅटरी सुधारली नव्हती बरं का, ती ७२ च होती, चिप चुकीचं सांगत होती.

तर घरी असं करा. सुट्टीच्या दिवशी १०० पर्यंत चार्ज करा, मग तासभर चार्जरलाच राहू द्या म्हणजे सेल शांत होतात. चार्जर काढा, स्क्रीनचा उजेड रोजच्यासारखा ठेवा, स्लीप बंद करा आणि रोजचंच काम करा, गेम नको. घड्याळ लावून १०० ते ८०, ८० ते ६०, ६० ते ४०, ४० ते २० आणि २० ते ५ यांना किती मिनिटं लागली ते कागदावर लिहा. मग लॅपटॉप बंद करून सलग १०० पर्यंत चार्ज करा आणि रिपोर्ट परत काढा. हे तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे, रोज करू नका, पूर्ण उतरवणं हीसुद्धा झीजच आहे.

कागदावरच्या आकड्यांकडे बघताना एकच गोष्ट बघायची, प्रत्येक २० टक्क्यांना साधारण सारखा वेळ लागतोय का. पहिले ५५ मिनिटं, दुसरे ५२, तिसरे ५६, असं असेल तर बॅटरी फक्त लहान झालीये, बाकी ठणठणीत आहे. वर ५५-५५ आणि मग ४० ते २० हे १५ मिनिटांत, किंवा ३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप एकदम काळा, तर प्रकरण वेगळं आहे. तिथे कपॅसिटीचा टक्का काही सांगत नाही.

असा एक लॅपटॉप गेल्या वर्षी हाताखालून गेला म्हणून तपशीलच सांगतो. हेल्थ ७९ दाखवत होतं, म्हणजे तुमच्यापेक्षा बरं, पण व्हिडिओ कॉल लावला की ३४ टक्क्यांवर बंद पडायचा. बॅटरीत तीन सेल ओळीने जोडलेल्या होत्या. चिपमधून प्रत्येक सेलचं व्होल्टेज वाचलं तर काही काम चालू नसताना तिन्ही ३.७ च्या आसपास, सगळं छान. लोड टाकला तर दोन सेल ३.५ वर उभ्या राहिल्या आणि तिसरी थेट ३ च्या खाली. बॅटरीचं सर्किट सगळ्यात कमजोर सेलकडे बघून वीज तोडतं, बाकी दोघींत कितीही शिल्लक असो. त्या एका सेलचा आतला रेझिस्टन्स वाढला होता. करंट कमी तोवर ती झाकून जायची, करंट मागितला की व्होल्टेज कोसळायचं. अशी बॅटरी ७९ ची असली तरी बदलायचीच, आणि त्या बिचाऱ्याने टक्का बघून आठ महिने अंगावर काढली होती.

आता बदलायची कधी. ८० टक्के ही काही मरणाची रेषा नाही. ती उद्योगाने तुलनेसाठी ठरवलेली खूण आहे, त्यापुढे झीज कधीकधी वेग घेते म्हणून सोयीची, एवढंच. ७९ ला बॅटरीला काहीही होत नाही. मी गिऱ्हाइकाला टक्का विचारत नाही, तास विचारतो: चार्जरशिवाय तुम्हाला सलग किती तास लागतात?

तुमचा लॅपटॉप हलक्या कामाला, लिहिणं, ब्राउझर, मेल, साधारण ८ वॅट खात असेल असं धरू. रिपोर्टमधले 50,000 mWh म्हणजे ५० वॅट-तास, तर नवीन असताना ५० भागिले ८, सव्वासहा तास. आज ३७ भागिले ८, साडेचार तासांहून थोडं जास्त. दोन वर्षांनी, माझा वरचा हिशोब खरा ठरला तर, ३३ भागिले ८, चार तासांच्या जरा वर. म्हणजे २६ टक्के घट ऐकून पोटात गोळा येतो, पण पुढच्या दोन वर्षांत तुमचा अजून फक्त अर्धा तास जाणार आहे. तुम्हाला चार्जरशिवाय तीन तास पुरत असतील तर आत्ता बॅटरी बदलण्यात काही अर्थ नाही.

तेच तुमचं काम जड असेल, व्हिडिओ एडिटिंग, मोठे कोड बिल्ड, २० वॅट, तर आज पावणेदोन-दोन तासांच्या मधे कुठेतरी. तुम्हाला मीटिंगला दोन तास लागत असतील तर तुम्ही आजच तोट्यात आहात आणि बदलण्याला अर्थ आहे. पण हेही बघा की अशा कामाला नवीन बॅटरी टाकूनसुद्धा अडीच तासच मिळणार, ती काही जादू करणार नाही. आणि जे नवीन मिळेल तेही वर्षभरात १५ टक्के घालवून बसेल, जर वापर होता तसाच राहिला.

म्हणजे तीन प्रश्न उरतात. गरजेचे तास निघतात का. लोडवर अचानक बंद पडतो का. आणि लॅपटॉप स्वतः अजून किमान दोन वर्षं तुमच्या कामाचा आहे का, कारण वर्षभरात मशीनच बदलणार असाल तर बॅटरीवर खर्च कशाला. पहिल्याला नाही किंवा दुसऱ्याला हो, आणि तिसऱ्याला हो, तर बदला. चौथी एक गोष्ट आहे ती प्रश्नच नाही: टचपॅड वर उचललं गेलं, खालचं झाकण फुगलं, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो, तर आतली बॅटरी फुगलीये. मग टक्के, सायकल, तास काहीही बघू नका, चार्जर काढा, चार्ज करू नका, दाबून झाकण बसवायचा प्रयत्न तर मुळीच नको, आणि दुरुस्तीवाल्याकडून ती काढून घ्या. हेल्थ ९० दाखवत असलेल्या फुगलेल्या बॅटऱ्या मी काढल्यात.

तुम्ही आहे तीच चालवणार असाल, आणि माझं मत तेच आहे, तर आजच चार्ज लिमिट लावा. बायोसमध्ये किंवा लॅपटॉपच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये बॅटरी ८० किंवा ६० टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपना असते. कायम टेबलावर असाल तर ६०, अधूनमधून बाहेर नेत असाल तर ८०, आणि प्रवासाच्या आदल्या रात्री लिमिट काढून १०० करा, त्याने काही बिघडत नाही, बिघडतं ते महिनोन्‌महिने १०० वर बसल्याने. गेलेले २६ टक्के परत येणार नाहीत. पण पुढची घट माझ्या हिशोबापेक्षा हळू होईल, कारण तो हिशोब जुन्या सवयीवर मांडलाय. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरत असाल तर ते बंद करा, खालची हवेची भोकं बंद झाली की बॅटरी भाजते.

एक चूक मात्र करू नका, ती मी सारखी बघतो. "दोन वर्षांनी बॅटरी मिळणार नाही, म्हणून आत्ताच एक आणून ठेवतो." वर सांगितलं ना, पडून राहिलेली सेलही म्हातारी होते. आणि कपाटात ठेवून विसरलात तर चिप स्वतःच थोडी थोडी वीज खात ती इतकी खाली नेते की मग सर्किट ती चार्जच करू देत नाही. लागेल तेव्हाच घ्या, आणि घेताना लेबलवर बनवल्याची तारीख बघा. दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेली "नवीन" बॅटरी ० सायकल दाखवेल आणि तरीही तिचं वय दोन वर्षं असेल.

बसवल्यावर त्याच दिवशी रिपोर्ट काढून ठेवा. `DESIGN CAPACITY` जुन्या बॅटरीइतकीच आहे का, सायकल शून्याच्या जवळ आहे का, आणि महिन्याभराने परत काढा. खऱ्या बॅटरीचा `FULL CHARGE CAPACITY` थोडा थोडा हलतो, कधी डिझाइनपेक्षा किंचित वर, कधी खाली, कारण चिप शिकत असते. महिनाभर दोन्ही आकडे शेवटच्या शून्यापर्यंत अगदी एकसारखे राहिले तर मला शंका येते की चिप काही मोजतच नाहीये, छापलेला आकडा परत सांगतेय. तेव्हा वरची मिनिटांची टेस्ट लावा आणि जुन्या बॅटरीच्या कागदाशेजारी नवीन कागद ठेवून बघा. म्हणून म्हणतो, तो जुना कागद आत्ताच करून ठेवा, बॅटरी बदलायची असो वा नसो.